शेरा कुठे थांबावा

या पुस्तिकेचा विषय छोटा आहे. शाळेतल्या परीक्षेची उत्तरपत्रिका तपासताना शिक्षक समासात जे चार शब्द लिहितात, ते कसे लिहावेत म्हणजे मुलाला आपल्या उत्तरात नेमके काय सुधारायचे ते कळेल आणि तरीही ते उत्तर त्याचेच राहील, एवढेच इथे मांडले आहे. उदाहरणे दहावीच्या विज्ञानाची आहेत. विज्ञानाच्या उत्तरात काय राहून गेले हे बोट ठेवून दाखवता येते, आणि लिहिलेल्या शेऱ्याचा उपयोग झाला की नाही हेही पुढच्या आठवड्यात कळते. म्हणून सुरुवातीला हाच विषय सोयीचा वाटला.

मंडळाच्या परीक्षेत शेऱ्याला जागाच नाही. तिथे परीक्षक गुण देतात, नियामक ते पाहतात, आणि निकालानंतर एखाद्या मुलाने छायाप्रत मागवली तर तिच्यात त्याला बरोबरच्या खुणा आणि आकडे दिसतात. काय चुकले ते त्याचे त्याने ताडायचे. तेव्हा शेरा लिहिण्याची संधी त्याआधीच असते: घटक चाचणी, प्रथम सत्र परीक्षा आणि पूर्वपरीक्षा. या तिन्ही वेळी मुलाच्या हातात त्याचीच उत्तरपत्रिका परत पडते आणि पुढे अजून एक परीक्षा असते. या दोन गोष्टी एकत्र असतील तेव्हाच शेऱ्याला अर्थ आहे.

आता थेट एका उत्तराकडे वळू. ‘उष्णता’ या पाठावरचा प्रश्न आहे: थंड प्रदेशात तलाव गोठला तरी त्यातले जलचर जिवंत राहतात, हे पाण्याच्या असंगत आचरणाच्या आधारे स्पष्ट करा. गुण तीन. वर्गातल्या मध्यम मुलांच्या उत्तरपत्रिकांत सापडते तसे एक उत्तर असे आहे:

‘थंड प्रदेशात तलावाचे पाणी गोठते. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो म्हणून तो वर तरंगतो व खाली पाणी राहते. पाण्याचे आचरण असंगत असते. त्यामुळे मासे जिवंत राहतात.’

चारही वाक्यांत खोटे काही नाही. म्हणूनच हे उत्तर तपासणाऱ्याला अडचणीत आणते. कुठे फुली मारता येत नाही आणि पूर्ण गुणही देता येत नाहीत. साधारणपणे त्याला एक गुण मिळतो आणि समासात ‘अपूर्ण’ असे लिहिले जाते. घाई नसेल तर ‘सविस्तर स्पष्टीकरण हवे’. मूल तो शेरा वाचते आणि त्याला वाटते की उत्तर आखूड झाले. पुढच्या वेळी ते याच चार वाक्यांची सहा करते. ‘थंड प्रदेशात हिवाळ्यात तापमान खूप कमी होते’ हे एक वाक्य वाढते, ‘निसर्गाची ही किमया आहे’ हे दुसरे. गुण पुन्हा एकच.

मनापासून शिकवणारे शिक्षक याच्या उलट टोकाला जातात. ते लाल शाईने उत्तराखाली लिहितात: ‘पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. पृष्ठभागावरील पाणी थंड होऊन तळाशी जाते. सर्व पाणी ४ अंशांवर आल्यानंतर वरचे पाणी आणखी थंड झाल्यास प्रसरण पावून वरच राहते व गोठते. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्याने खालचे पाणी गोठत नाही.’ यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. मागे कळकळ आहे आणि एकेका उत्तरपत्रिकेमागे दहा-दहा मिनिटे खर्च झाली आहेत. पण हे आता शिक्षकाचे उत्तर झाले. मूल ते वहीत उतरवते आणि पाठ करते. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातही तेच छापलेले असते, म्हणजे शिक्षकाने रात्र जागवून मुलाला जे दिले ते त्याच्या दप्तरात आधीपासूनच होते.

हे उत्तर नीट वाचले तर मुलाचा घोटाळा कुठे झाला ते दिसते. बर्फ पाण्यावर तरंगतो ही एक गोष्ट, आणि पाणी ४ अंशांखाली थंड होताना आकुंचन न पावता प्रसरण पावते ही दुसरी. मुलाने पहिलीलाच दुसरी समजले आहे. पण नुसता बर्फ हलका असून भागत नाही. समजा, पाणी इतर द्रवांसारखे शून्य अंशांपर्यंत आकुंचनच पावत राहिले असते. मग वरचे पाणी थंड होऊन सतत खाली गेले असते, आणि बर्फाचा पहिला पापुद्रा धरण्याआधी सगळा तलाव तळापर्यंत शून्य अंशांवर आला असता. तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी उरते ते त्या असंगत आचरणामुळे. मुलाच्या उत्तरात हा बर्फाआधीचा सगळा टप्पा गायब आहे. ‘अपूर्ण’ म्हणताना शिक्षकाच्या मनात हाच टप्पा असतो, पण तो समासात उतरत नाही.

मी या उत्तरावर तीन शेरे लिहीन, तिन्ही ज्या त्या वाक्याच्या शेजारी. ‘वर तरंगतो’ याच्या समोर: ‘हे बरोबर. पण हे बर्फ झाल्यानंतरचे. बर्फ होण्याआधी, पाणी १० अंशांवरून थंड होत असताना, वरच्या आणि खालच्या पाण्याची जागा कशी बदलते ते लिही.’ ‘असंगत असते’ याखाली रेघ ओढून: ‘हे नाव झाले. या तलावात ते कोणत्या तापमानाला दिसते आणि त्या वेळी पाण्याच्या आकारमानाचे काय होते?’ आणि शेवटच्या वाक्यासमोर: ‘वर बर्फ झाला. बाहेरची हवा तर आणखी थंड आहे. मग खालचे पाणीही का गोठत नाही? बर्फाचा एक गुणधर्म इथे लागेल.’

या तिन्ही शेऱ्यांची ठेवण सारखी आहे. प्रत्येक शेरा एका ठरावीक जागेवर बोट ठेवतो. तिथे कशाची उणीव आहे ते सांगतो: टप्पा राहिला, नावामागची क्रिया राहिली, कारण राहिले. आणि मुलाला एक काम देऊन थांबतो. उणीव भरणारे वाक्य मात्र शेऱ्यात कुठेही नाही. ४ हा आकडा नाही, ‘प्रसरण’ हा शब्द नाही, ‘दुर्वाहक’ हाही नाही. ते मुलाने पुस्तक उघडून किंवा आठवून आणायचे. समासात शेरा लिहिताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: मी लिहिलेले शब्द जसेच्या तसे उतरवून या मुलाला गुण मिळतील का? मिळत असतील तर तो शेरा राहिला नाही, ते उत्तर झाले, आणि एक शब्द मागे घ्यावा लागेल.

किती मागे घ्यायचे हे मात्र मुलागणिक ठरते. ‘बर्फ होण्याआधी काय होते?’ एवढाच शेरा तुकडीतल्या पहिल्या पाचांना पुरतो. तोच शेरा वस्तुमान आणि घनता यांचीही गल्लत करणाऱ्या मुलासमोर ठेवला तर ते चाचपडत राहील. त्याला ‘पाण्याची घनता–तापमान आकृती पाहा, सर्वांत उंच बिंदू कुठे आहे?’ असे पाठ्यपुस्तकापर्यंत नेऊन सोडावे लागते. त्यापुढे आकृती वाचण्याचे काम तरी त्याचेच उरते. मुलाने करायचे काम अगदी लहान असले तरी चालेल, ते शून्य होता कामा नये.

दोन प्रकारच्या शेऱ्यांतला फरक त्याच प्रश्नावर दिसत नाही. लाल शाईतले उत्तर पाठ करणारे मूल आणि तीन शेऱ्यांवर स्वतः उत्तर बांधणारे मूल, दोघेही पुढच्या परीक्षेत तलावाचा प्रश्न आला तर तीन गुण घेतील. फरक दिसतो तो प्रश्न बदलल्यावर. विचारून पाहा: अतिथंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे पाइप का फुटतात? ज्याने पाठ केले ते मूल तलाव, तळ, बर्फाचा थर, दुर्वाहक हे सगळे इथेही आणते आणि पाइपमध्ये मासे नाहीत एवढाच बदल करते. ज्याने दुसऱ्या शेऱ्याशी झगडून ‘४ अंशांखाली आकारमान वाढते आणि गोठताना आणखी वाढते’ हे स्वतःच्या शब्दांत लिहिले होते, त्याला पाइपमध्ये वाढलेल्या आकारमानाला जागा नाही एवढे सुचायला वेळ लागत नाही. म्हणून या पुस्तिकेत जिथे जमले तिथे प्रत्येक उत्तराशेजारी असा एक बदललेला प्रश्न दिला आहे. तो गुणांसाठी नाही. शेरा लागू पडला की नाही हे शिक्षकाला कळावे यासाठी आहे.

अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी विद्यापीठांतल्या लेखनशिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास करून १९८२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दोन दोष दाखवले आणि आपल्या उत्तरपत्रिकांनाही ते दोन्ही लागू पडतात. पहिला असा की बहुतेक शेरे कोणत्याही निबंधावर लिहिता येतील असे होते, एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर ठेवले तरी फरक पडला नसता. दुसरा असा की शिक्षकाचे शेरे विद्यार्थ्याचे लक्ष त्याला काय म्हणायचे होते यावरून काढून शिक्षकाला काय हवे आहे यावर नेत होते. विद्यार्थी मग शिक्षकाच्या मनातला निबंध लिहू लागतो.

पहिला दोष महाराष्ट्रातल्या शिक्षकांना वेगळा सांगायला नको. २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या. कल्पना चांगली होती: आकड्याच्या पलीकडे जाऊन या मुलाचे काय चालले आहे ते शब्दांत सांगावे. पण तुकड्या मोठ्या, नोंदवह्या जाड आणि मुदत जवळ. पाहता पाहता नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या, विषयवार, इयत्तावार. ‘प्रयोगाचे साहित्य व्यवस्थित हाताळतो’ ही नोंद पन्नास मुलांसमोर उतरली आणि कोणाबद्दलच काही सांगेनाशी झाली. या अनुभवामुळे पुष्कळ शिक्षकांच्या मनात शब्दांतल्या मूल्यमापनाबद्दलच अढी बसली आहे. ती मला समजते. पण दोष शब्दांत मूल्यमापन करण्याचा नव्हता. नोंद मुलाच्या कामापासून सुटी झाली होती, हा दोष होता. म्हणूनच या पुस्तिकेत तयार शेऱ्यांची यादी दिलेली नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांची निराशा होईल, तरीही ती मुद्दाम दिलेली नाही. इथे सगळे शेरे एकेका पूर्ण उत्तरासकट छापले आहेत. उत्तर झाकले तर शेऱ्याचा अर्थ लागू नये, अशीच त्यांची रचना आहे.

गणिती उदाहरणांत मोह वेगळ्या जागी असतो. प्रश्न असा: बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर १० सेमी आहे, वस्तू भिंगापासून १५ सेमी अंतरावर ठेवली आहे, प्रतिमा कोठे मिळेल? मुलाने सूत्र बरोबर लिहिले, 1/v − 1/u = 1/f, आणि त्यात u = १५ भरले. मग 1/v = 1/10 + 1/15, त्यावरून v = ६ सेमी. अपूर्णांकांची बेरीज बरोबर, लसावि बरोबर, एकक लिहिलेले. चुकले एवढेच की वस्तू भिंगाच्या डावीकडे असल्याने u = −१५ हवे होते. खरे उत्तर ३० सेमी.

लाल पेन हातात असेल तर १५ च्या आधी एक आडवी रेघ ओढायला क्षण पुरतो. ती रेघ म्हणजेच उत्तराचे पुनर्लेखन, लांबीने कितीही लहान असले तरी. मुलाला दिसते की ‘एक वजा राहिला’. आपण धांदरटपणा केला असे वाटून ते पुढे जाते. चिन्ह संकेत आपल्याला कळलाच नाही, हे त्याला समजत नाही, आणि पुढच्या वेळी अंतर्वक्र भिंगाच्या उदाहरणात f चे चिन्ह चुकते. इथे मी u = १५ या पायरीभोवती गोल करून लिहीन: ‘वस्तू भिंगाच्या कोणत्या बाजूला? कार्टेशिअन चिन्ह संकेताप्रमाणे या अंतराचे चिन्ह ठरव. त्यापुढची तुझी आकडेमोड बरोबर आहे, फक्त नव्या किमतीने पुन्हा कर.’ शेवटचे वाक्य मुलाला बरे वाटावे म्हणून लिहिलेले नाही. ते नसेल तर मूल सगळेच खोडून मार्गदर्शकातले उदाहरण उतरवते. काय राखायचे हे सांगितले नाही, तर काय बदलायचे हेही नेमके सांगितल्यासारखे होत नाही.

आणि उत्तराच्या शेजारी दुसरा शेरा: ‘६ सेमी हे उत्तर किरणाकृतीशी ताडून पाहा. वस्तू f आणि 2f यांच्या मध्ये आहे. मग प्रतिमा कुठे असायला हवी?’ आकृती काढली की प्रतिमा 2f च्या पलीकडे, म्हणजे २० सेमीहून दूर पडते, आणि ६ हे उत्तर शक्यच नाही हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. दोन्हींतला हा दुसरा शेरा मला अधिक मोलाचा वाटतो. पहिल्याने हे उदाहरण सुधारते. दुसऱ्याने मुलाच्या हाती अशी पडताळणी येते की पूर्वपरीक्षेत आणि मार्चमध्ये, शिक्षक समोर नसताना, चूक झाल्याचे त्याचे त्याला कळेल.

आता वेळेचा हिशोब. तो टाळून या विषयावर लिहिणे शिक्षकांवर अन्याय करणारे होईल. भाग १ ची उत्तरपत्रिका ४० गुणांची, तुकडीत पन्नास मुले. प्रत्येक उत्तरावर असे शेरे लिहायचे ठरवले तर गठ्ठा संपणार नाही, आणि संपलाच तर शेवटच्या वीस उत्तरपत्रिकांवर ‘अपूर्ण’ परत येईल. म्हणून निवड करावी लागते. माझे म्हणणे असे की एका उत्तरपत्रिकेवर तीनच शेरे लिहावेत, फार तर चार. तीन शेऱ्यांना दोन मिनिटे धरली तर पन्नास उत्तरपत्रिकांना शंभर मिनिटे जास्तीची लागतात. दोन संध्याकाळींत विभागली तर ती निघतात.

हे तीन शेरे कुठे लिहायचे, याचा माझा नियम सोपा आहे: अर्धवट बरोबर उत्तरावर. ज्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले त्यावर बरोबरची खूण पुरे. ज्याला शून्य मिळाले तिथे शेरा लिहून उपयोग नाही, कारण बोट ठेवायला काही नाही. त्या मुलाला तो भाग पुन्हा शिकवायला हवा, आणि ते काम समासात होत नाही. तीनपैकी एक किंवा दीड गुण मिळालेली उत्तरे हीच शेऱ्याची खरी जागा. तिथे मूल काही बांधू पाहते आहे आणि एखाद्या सांध्यावर अडले आहे.

एकच चूक पंधरा-वीस जणांनी केली असेल तर तोच शेरा वीस वेळा लिहू नये. समासात एक अक्षर घालावे, ‘क’ म्हणा, आणि उत्तरपत्रिका वाटण्याच्या दिवशी फळ्यावर ‘क’ समोर तो शेरा एकदाच लिहावा. वर मी एकमेकांच्या जागी ठेवता येणाऱ्या शेऱ्यांविरुद्ध बोललो, त्याच्याशी हे विसंगत वाटेल. पण तसे नाही. इथे शेरा वीस जणांच्या एकाच चुकीवर आहे आणि अक्षर प्रत्येकाच्या त्या ओळीसमोरच आहे. तपासताना या अक्षरांची टिपणी शेजारच्या कागदावर ठेवली की गठ्ठा संपेपर्यंत कोणता भाग वर्गात पुन्हा घ्यावा लागेल तेही आपसूक कळते.

शुद्धलेखनाबद्दल थोडक्यात. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला गोल केला की समास लाल होतो आणि ४ अंशांचा मुद्दा त्यात बुडून जातो. ‘अपवर्तन’ आणि ‘परावर्तन’ यांसारख्या, चुकले तर अर्थच बदलणाऱ्या शब्दांना तेवढी खूण करावी.

आता राहिला गुणांचा प्रश्न. इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर रूथ बटलर यांनी केलेला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरे मिळालेल्या मुलांनी सुधारणा दाखवली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांची स्थिती फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. शिक्षकांना हे ऐकून नवल वाटू नये. उत्तरपत्रिका हातात पडताच मूल पहिल्या पानावरची बेरीज पाहते, शेजारच्याची पाहते, एखादा अर्धा गुण कुठे राहिला का ते शोधते आणि पत्रिका घडी घालून ठेवते. इतक्या कष्टाने लिहिलेले शेरे त्या घडीत जातात.

आपल्याकडे गुण द्यायचेच नाहीत असे करता येत नाही, प्रगतिपत्रक भरायचे असते. पण ते केव्हा दाखवायचे हे शिक्षकाच्या हातात आहे. तपासताना गुण वेगळ्या कागदावर लिहावेत आणि उत्तरपत्रिकेवर शेरे आणि खुणाच ठेवाव्यात. पहिल्या तासाला पत्रिका अशा वाटाव्यात. मुलांनी तासभर, पुस्तक उघडे ठेवून, शेरे असलेली तीन उत्तरे वहीत पुन्हा लिहावीत. दुसऱ्या दिवशी गुण सांगावेत. मुले कुरकुरतात, पहिल्यांदा तर फारच. पालकही विचारतात, त्यांना आधी कल्पना द्यावी आणि गुण नक्की कोणत्या दिवशी मिळतील ते सांगावे. मुख्याध्यापकांशीही आधी बोलून घ्यावे.

ही पुन्हा लिहिलेली उत्तरे शिक्षकाने चाळायची आहेत, नव्याने गुण द्यायला नाही, तर आपला शेरा कुठे पोचला ते पाहायला. पाहण्याची जागा एकच: जुनी वाक्ये बदलली आहेत का? तलावाच्या उत्तरात जुनी चार वाक्ये तशीच आणि शेवटी ‘पाण्याचे असंगत आचरण ४ अंश सेल्सिअसला असते’ असे पाचवे डकवलेले असेल, तर मुलाने शेऱ्यातला प्रश्न सोडवला नाही, पुस्तकात उत्तर शोधून चिकटवले. आणि ‘बर्फ हलका असतो’ हे वाक्य शेवटाकडे सरकले असेल, त्याच्या आधी थंड पाणी खाली जाण्याची दोन वाक्ये आली असतील, मग त्यांतली एक-दोन ओबडधोबड का असेनात, शेरा पोचला. अशी ओबडधोबड वाक्ये पुन्हा दुरुस्त करण्याचा मोह होईल. तो आवरावा. मार्चपर्यंत ती त्याची तोच नीट करील.

शेऱ्याने न होणाऱ्याही गोष्टी आहेत. ज्या मुलाला वाचलेल्या ओळीचा अर्थच लागत नाही, त्याच्यासाठी समासातला कितीही नेमका प्रश्न म्हणजे आणखी एक न कळणारी ओळ. अशी मुले दहावीच्या वर्गातही असतात आणि त्यांना शेजारी बसवून, त्यांचेच उत्तर मोठ्याने वाचायला लावून बोलावे लागते. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलांना ‘आकारमान’ आणि ‘घनता’ हे शब्दच परके वाटतात. तिथे शेऱ्यापेक्षा एक भांडे, पाणी आणि तापमापी जास्त काम करते. या पुस्तिकेत त्यांच्यासाठी काही नाही, आणि ती उणीव भरून काढील असा दावाही ती करत नाही.

पुढच्या पानांत बारा उत्तरे आहेत, मुलांच्या लिहिण्यासारखीच ठेवलेली, त्यांच्या खाडाखोडीसकट. पहिल्या वाचनात आमचे शेरे झाकून ठेवावेत आणि आपले आपण पेन्सिलीने लिहून पाहावेत. काही ठिकाणी तुमचा शेरा आमच्यापेक्षा आखूड आणि अधिक नेमका निघेल, तोच ठेवावा. मात्र सुरुवात वेळापत्रकापासून करा. येत्या प्रथम सत्र परीक्षेनंतर उत्तरे पुन्हा लिहायला एक पूर्ण तास राखून ठेवा. ज्या परीक्षेनंतर असा तास मिळणार नसेल, तिच्या उत्तरपत्रिकांवर शेरे लिहूच नयेत. नुसते गुण द्यावेत, आणि वाचलेली शंभर मिनिटे त्या तास असलेल्या गठ्ठ्यासाठी ठेवावीत.